स्टार ट्रेकमध्ये कोण कुठल्या पोस्टवर, कोण कुणाच्या वर: रँक, काम आणि कमांड वेगवेगळं बघायचं

प्रश्न: दादा, कॉलेजच्या साय-फाय क्विझसाठी स्टार ट्रेकवर एक राउंड बनवतोय, मुख्यतः नेक्स्ट जनरेशन आणि थोडं डीप स्पेस नाईन. पण "एंटरप्राईझवर सेकंड ऑफिसर कोण" असं विचारलं की अर्धे रायकर म्हणतात अर्धे डेटा. ओब्रायन कधी लेफ्टनंट कधी चीफ. ट्रॉय तर कौन्सेलर आहे, मग ती ब्रिजची कमांड कशी घेते? आणि वर्फचं नक्की काम काय? हे सगळं कसं लक्षात ठेवायचं आणि भांडण न होता प्रश्न कसे काढायचे?

उत्तर:

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर डेटा. रायकर फर्स्ट ऑफिसर आहे म्हणजे कॅप्टन पिकार्डनंतर दुसरा माणूस, आणि सेकंड ऑफिसर म्हणजे त्याच्याही नंतरचा, उतरंडीत तिसरा. पोरं "सेकंड" ऐकतात आणि सेकंड-इन-कमांड समजतात, तिथेच घोळ होतो. सेकंड-इन-कमांड विचारलंस तर रायकर, सेकंड ऑफिसर विचारलंस तर डेटा. क्विझमध्ये मी यातला कुठलाच शब्द एकटा वापरत नाही, "पिकार्ड आणि रायकर दोघंही जहाजावर नसतील तर नेहमीच्या क्रमाने कमांड कुणाकडे जाते" असंच विचारतो. प्रश्न लांब होतो पण मग वाद घालायला कुणाला जागा राहत नाही.

बाकीचे सगळे घोळ एकाच कारणाने होतात. आपण एका माणसाला एकच लेबल लावतो आणि खरं तर प्रत्येकाला तीन असतात. एक रँक, म्हणजे एन्साइन, लेफ्टनंट, कमांडर वगैरे, ती माणसाबरोबर फिरते, जहाज बदललं तरी तीच राहते. दुसरं त्या जहाजावरचं काम, म्हणजे चीफ इंजिनिअर, सिक्युरिटी चीफ, कौन्सेलर, हे कॅप्टन देतो आणि कॅप्टन बदलूही शकतो. आणि तिसरं कमांडचा क्रम, म्हणजे वरचा माणूस पडला तर खुर्चीत कोण बसणार. बहुतेक वेळा हे तिन्ही एकमेकांशी जुळतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही, पण लेखकांनी सगळ्यात चांगले एपिसोड नेमके जिथे ते जुळत नाहीत तिथेच लिहिलेत आणि क्विझचे प्रश्नही तिथूनच येतात.

आधी रँक पटकन उरकून घेऊ कारण त्यात फार काही नाही. स्टारफ्लीटच्या रँक नौदलाच्या धर्तीवर आहेत, खालून वर एन्साइन, लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन. नेक्स्ट जनरेशनमध्ये कॉलरवर सोनेरी ठिपके असतात, एन्साइनला एक, लेफ्टनंटला दोन, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. मधल्या दोन रँकना एक ठिपका पोकळ असतो, म्हणजे ज्युनिअर ग्रेडला एक भरीव एक पोकळ, लेफ्टनंट कमांडरला दोन भरीव एक पोकळ. आपल्याकडच्या पोरांचा गोंधळ वेगळ्याच ठिकाणी होतो, आपल्याला आर्मीच्या रँक जास्त माहिती असतात आणि आर्मीत कॅप्टन हा मेजरच्या खाली. नेव्हीत कॅप्टन म्हणजे आर्मीतल्या कर्नलच्या बरोबरीचा. भारतीय नौदलातही लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन हाच क्रम आहे, फक्त एन्साइन नाही, तिथे सब-लेफ्टनंट असतो. म्हणून टीममधल्या कुणाच्या घरी नेव्हीतलं माणूस असेल ना तर तो मुलगा हा राउंड आरामात मारतो, बघ तू.

आता ट्रॉय. इथे जरा थांबतो कारण तुझ्या प्रश्नातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि यावर एक अख्खा एपिसोडच आहे, पाचव्या सीझनमधला 'डिझास्टर', १९९१ चा. जहाजाला अंतराळात कशाचा तरी जबर धक्का बसतो, पॉवर जाते, दरवाजे बंद, डेकचा एकमेकांशी संपर्क तुटतो आणि जो जिथे आहे तिथेच अडकतो. पिकार्ड लिफ्टमध्ये तीन लहान मुलांबरोबर, डॉक्टर क्रशर आणि चीफ इंजिनिअर जॉर्डी कार्गो बेमध्ये, रायकर, डेटा आणि वर्फ टेन फॉरवर्ड नावाच्या बारमध्ये. ब्रिजवर ज्या लेफ्टनंटकडे चार्ज होता ती धक्क्यातच मरते. मागे राहतात ट्रॉय, ओब्रायन, एक तरुण एन्साइन, आणि थोड्या वेळाने लिफ्टचं दार जबरदस्तीने उघडून एन्साइन रो येते. आता चार्ज कुणाचा? ओब्रायनला जहाज आतून-बाहेरून माहिती आहे, रो ला लढाई आणि धोका माहिती आहे, आणि ट्रॉय मानसोपचाराचं काम करते, तिला इंजिनातलं काही कळत नाही. पण तिची रँक लेफ्टनंट कमांडर आहे, तिथल्या सगळ्यांच्या वर, आणि ओब्रायन तिला हेच सांगतो. ती स्वतः हडबडते, पण क्रम ठरलेला आहे.

यात बघण्यासारखं हे की पुढे ती काय करते. वाद असा आहे की खाली इंजिनिअरिंगमध्ये अँटीमॅटर धरून ठेवणारं क्षेत्र कमजोर होत चाललंय, ठराविक पातळीच्या खाली गेलं की सगळं जहाज उडणार. रो म्हणते खाली कुणी जिवंत असल्याचा पुरावा नाही, जहाजाचा वरचा बशीसारखा भाग वेगळा करा आणि निघा, निदान इथले तरी वाचतील. ओब्रायन म्हणतो खाली माणसं असतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांनाही तिच्यापेक्षा जास्त कळतं. ट्रॉय ऐकून घेते, प्रश्न विचारते, आणि ठरवते की थोडी पॉवर खालच्या मॉनिटरकडे वळवायची, म्हणजे तिथे कुणी पोचलं तर त्याला धोका दिसेल तरी. आणि खरंच रायकर आणि डेटा धडपडत तिथे पोचतात आणि ते क्षेत्र सावरतात. म्हणजे कमांड करायला इंजिन कळावंच लागतं असं नाही, कळणाऱ्यांचं ऐकून निर्णय आपल्या डोक्यावर घ्यावा लागतो, आणि सिरीजमध्ये रँक म्हणजे नेमकं काय हे मला तरी याच प्रसंगात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

तर मग तुझा प्रश्न, कौन्सेलर असून कमांड कशी? कौन्सेलर हे तिचं काम, लेफ्टनंट कमांडर ही तिची रँक, आणि त्या दिवशी त्या खोलीत वरिष्ठ कोण या हिशोबाने कमांड तिची. आपल्या नौदलातसुद्धा डॉक्टरांना सर्जन कमांडर, सर्जन कॅप्टन अशा रँक असतात, पगार मान सलाम सगळं त्या रँकचं, पण म्हणून ते युद्धनौका चालवायला बसत नाहीत. स्टार ट्रेकमध्ये ही भिंत थोडी पातळ आहे, तिथे डॉक्टर किंवा कौन्सेलरही ब्रिज ऑफिसरची परीक्षा देऊन कमांडला पात्र होऊ शकतो. डॉक्टर क्रशर कमांडर रँकची आहे आणि ती परीक्षा देऊन बसलेली आहे, म्हणून 'डिसेंट'च्या दुसऱ्या भागात पिकार्ड, रायकर आणि बाकी सगळे खाली ग्रहावर असताना अख्खी एंटरप्राईझ तिच्या ताब्यात असते आणि ती ती झकास चालवते.

ट्रॉय ती परीक्षा देते सातव्या सीझनमध्ये, 'थाइन ओन सेल्फ' एपिसोड, १९९४. होलोडेकवर, म्हणजे जहाजावरच्या आभासी जगाच्या खोलीत, इंजिनिअरिंगची सिम्युलेशन असते आणि ती परत परत नापास होते, मॅन्युअल घोकते, तांत्रिक उत्तर शोधत राहते. शेवटी तिच्या लक्षात येतं की तांत्रिक उत्तर नाहीच आहे, जॉर्डीला अशा जागी दुरुस्तीला पाठवायचंय जिथून तो परत येणार नाही. ती ऑर्डर देते आणि पास होते. आणि इथून तुझ्यासाठी एक जबरदस्त प्रश्न मिळतो. पास झाल्यावर ट्रॉय फुल कमांडर होते, डेटा लेफ्टनंट कमांडरच राहतो, म्हणजे रँकने ती डेटाच्या वर गेली. मग ती सेकंड ऑफिसर झाली का? नाही. सेकंड ऑफिसर डेटाच. कारण ती नेमणूक आहे, रँकवरून आपोआप मिळणारी गोष्ट नाही. फायनलला हा प्रश्न ठेव, ज्याला तीन लेबलांचा फरक कळलाय तोच देईल उत्तर.

याच मुद्द्याचा दुसरा पुरावा हवा असेल तर 'गॅम्बिट', १९९३, दोन भागांचा. पिकार्ड मेला असं सगळे समजतात, रायकरला पळवलेलं असतं, कमांड येते डेटाकडे. आता डेटाला स्वतःला एक फर्स्ट ऑफिसर लागणार. जहाजावर कमांडर क्रशर आहे, लेफ्टनंट कमांडर जॉर्डी आहे, लेफ्टनंट कमांडर ट्रॉय आहे. आणि डेटा निवडतो वर्फला, जो साधा लेफ्टनंट आहे, या तिघांच्याही खालच्या रँकचा! म्हणजे काम रँकच्या डोक्यावरून गेलं. पुढे वर्फ ब्रिजवर सगळ्यांसमोर डेटाच्या निर्णयांवर नाराजी दाखवायला लागतो, उसासे टाकतो, वाद घालतो. डेटा त्याला रेडी रूममध्ये नेतो आणि शांतपणे समजावतो की दोन नंबरच्या माणसाने आपलं मत कॅप्टनला जरूर सांगावं पण एकदा निर्णय झाला की तो क्रूसमोर आपलाच असल्यासारखा राबवावा, ते जमत नसेल तर मी जॉर्डीला नेमतो आणि तुझ्या रेकॉर्डवर डाग येणार नाही. वर्फ ऐकतो, माफी मागतो. फर्स्ट ऑफिसरचं काम नेमकं काय हे कुणाला दाखवायचं असेल तर मी हाच सीन दाखवतो, दोन-तीन मिनिटांचा असेल पण सगळं येतं त्यात.

आणि कॅप्टन बदलला की काम कसं बदलतं ते 'चेन ऑफ कमांड'मध्ये, १९९२. जेलिको नावाचा कॅप्टन येतो, आल्या आल्या तीन शिफ्टच्या चार करायला सांगतो, ट्रॉयला म्हणतो युनिफॉर्म घाल, आणि रायकरशी पटत नाही म्हणून त्याला बाजूला करून डेटाला फर्स्ट ऑफिसर करतो. डेटा त्या एपिसोडमध्ये पिवळ्याऐवजी लाल युनिफॉर्ममध्ये दिसतो. त्या भागाचा फोटो दाखवून "डेटा लाल कपड्यात का" असा व्हिज्युअल प्रश्न सुंदर बनतो. पण यात एक खाच आहे, रायकरची रँक मात्र गेली नाही हं, तो कमांडरच आहे, फक्त ड्युटीवर नाही. पोरं "रायकरचं डिमोशन झालं" लिहितात, ते चूक द्यायचं.

रंगांवरून आठवलं, रंगावर प्रश्न काढत असशील तर कुठली सिरीज हे लिहिल्याशिवाय काढू नकोस. १९६६ च्या मूळ सिरीजमध्ये कमांडवाले सोनेरी-पिवळ्यात, इंजिनिअरिंग आणि सिक्युरिटीवाले लाल, सायन्स आणि मेडिकल निळे. १९८७ च्या नेक्स्ट जनरेशनमध्ये पहिले दोन उलटे झाले, कमांड लाल आणि इंजिनिअरिंग-सिक्युरिटी पिवळी. म्हणून कर्क पिवळा आणि पिकार्ड लाल, स्कॉटी लाल आणि जॉर्डी पिवळा.

यावरून वर्फकडे येऊ, कारण वर्फचं करिअर रंगावरूनच वाचता येतं. पहिल्या सीझनमध्ये तो लाल युनिफॉर्ममध्ये आहे, लेफ्टनंट ज्युनिअर ग्रेड, त्याचं ठराविक असं खातं नाही, ब्रिजवर जिथे माणूस कमी तिथे तो बसतो. सिक्युरिटी चीफ तेव्हा टाशा यार आहे. 'स्किन ऑफ ईव्हिल'मध्ये, १९८८, ती मारली जाते आणि पिकार्ड वर्फला तिच्या जागी हंगामी नेमतो. दुसऱ्या सीझनपासून तो पिवळ्यात, सिक्युरिटी चीफ आणि टॅक्टिकल, म्हणजे कॅप्टनच्या मागे तो जो घोड्याच्या नालेसारखा लाकडी कठडा आहे तिथे उभा राहून शस्त्रं आणि ढाली सांभाळणारा. १९९५ मध्ये तो डीप स्पेस नाईनवर येतो ते परत लाल कपड्यात, लेफ्टनंट कमांडर, काम स्ट्रॅटेजिक ऑपरेशन्स ऑफिसर. तिथे तो सिक्युरिटी चीफ नाही! ते ओडो बघतो. "वर्फ सिक्युरिटी चीफ आहे, चूक की बरोबर" असा प्रश्न काढलास तर दोन्ही बाजू भांडतील आणि दोन्ही बरोबर असतील. कुठलं जहाज किंवा स्टेशन आणि कुठला सीझन, एवढं प्रश्नात आलंच पाहिजे.

जॉर्डीचंही तसंच, बऱ्याच जणांना वाटतं तो पहिल्यापासून चीफ इंजिनिअर. पहिल्या सीझनमध्ये तो जहाज चालवायच्या सीटवर बसतो, आणि चीफ इंजिनिअर म्हणून त्या सीझनमध्ये मॅकडुगल, आर्गाइल, लोगन, लिंच अशी वेगवेगळी माणसं येऊन जातात. दुसऱ्या सीझनपासून जॉर्डी. "एंटरप्राईझ-डी च्या पहिल्या सीझनमधल्या चीफ इंजिनिअरपैकी कुठलंही एक नाव" हा अवघड पण प्रामाणिक प्रश्न आहे.

आता ओब्रायन, आणि याचं उत्तर थोडं ओबडधोबड आहे कारण सिरीजनेच ते ओबडधोबड ठेवलंय. पहिल्या एपिसोडमध्ये तो नाव नसलेला माणूस आहे, सीटवर बसून जहाज चालवतो. दुसऱ्या सीझनपासून ट्रान्सपोर्टर रूममध्ये, कॉलरवर दोन भरीव ठिपके म्हणजे लेफ्टनंटचे, आणि एकदा रायकर त्याला लेफ्टनंट म्हणून हाकही मारतो. मग १९९० मध्ये 'फॅमिली' एपिसोडमध्ये वर्फचे दत्तक वडील सर्गेई रोझेन्को जहाजावर येतात, ते स्वतः स्टारफ्लीटमध्ये चीफ पेटी ऑफिसर होते, आणि तिथे स्पष्ट होतं की ओब्रायनही चीफ पेटी ऑफिसरच आहे. म्हणजे तो कमिशन्ड ऑफिसर नाहीच, भरती होऊन कामातून वर आलेला माणूस. आपल्या नौदलात पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर असतात तसा, मशीन ज्यांना हाताने कळतं अशातला.

गोंधळ वाढतो कारण त्याला सगळे "चीफ" म्हणतात आणि ट्रान्सपोर्टर चीफ हे त्याचं कामही आहे. डीप स्पेस नाईनवर तो चीफ ऑफ ऑपरेशन्स होतो, म्हणजे स्टेशनची सगळी दुरुस्ती त्याच्या हाताखाली, आणि त्याच्याकडून काम शिकणारे तरुण एन्साइन तांत्रिकदृष्ट्या त्याच्या वरच्या रँकचे. हे कुणाला खटकतं, मला अजिबात खटकत नाही, नवीन पोरगा ऑफिसर होऊन येतो आणि पंधरा वर्षं इंजिन सांभाळलेल्या चीफचं ऐकतो हे खऱ्या जहाजावरही असंच असतं.

क्विझला मी यात असं करतो: तोंडाने बोललेलं वाक्य कपड्यावरच्या ठिपक्यापेक्षा वर, आणि दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध असतील तर नंतर ठरलेलं आणि जास्त वेळा आलेलं धरायचं. त्या हिशोबाने ओब्रायन चीफ पेटी ऑफिसर. कपड्याच्या डिपार्टमेंटकडून चुका होतात हे दुसरीकडेही दिसतं, व्हॉयेजर या सिरीजमध्ये टुवॉकला सुरुवातीला लेफ्टनंट कमांडरचे ठिपके लावलेत आणि सगळे त्याला लेफ्टनंट म्हणतात, त्याचं लेफ्टनंट कमांडरपदी प्रमोशन चौथ्या सीझनमध्ये पडद्यावर होतं. म्हणून फोटो बघून रँक सांगा हा प्रकार मी टाळतो, कुणीतरी नेमका चुकीचा फोटो घेऊन येतं आणि अर्धा तास जातो.

डीप स्पेस नाईनबद्दल एक गोष्ट वेगळी समजून घे. ते जहाज नाही, स्टेशन आहे आणि ते बजोरच्या मालकीचं, स्टारफ्लीट फक्त चालवतं. म्हणून तिथली उतरंड मिश्र आहे. सिस्को प्रमुख, सुरुवातीला कमांडर आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी, १९९५ मध्ये, कॅप्टन. त्याच्यानंतरची दुसरी व्यक्ती किरा नरीस, जी स्टारफ्लीटची नाहीच, बजोरन मिलिशियाची मेजर. इथे आर्मीचा हिशोब लावून "मेजर कॅप्टनच्या वर" असं कुणी म्हणालं तर सांग की या दोन वेगळ्या फौजा आहेत आणि स्टेशनवर सिस्कोच वर. ओडो कॉन्स्टेबल, तोही स्टारफ्लीटचा नाही, आणि मध्ये स्टारफ्लीटने स्वतःचा एडिंग्टन नावाचा सिक्युरिटी ऑफिसर पाठवला तेव्हा ओडोला ते लागलं होतं. गंमत म्हणजे अगदी शेवटी, १९९९ च्या भागांत, किराला कार्डेशियन बंडखोरांना मदत करायला पाठवायचं असतं आणि त्यासाठी तिला स्टारफ्लीट कमांडरचं कमिशन देतात. म्हणजे "किरा कधीच स्टारफ्लीटमध्ये नव्हती" हे वाक्यही चूक.

एलियन प्रजातींवर राउंड ठेवणार असशील तर प्रजातीवरून काम ओळखायची सवय पोरांची मोडेल असे प्रश्न काढ. सगळ्यांच्या डोक्यात व्हल्कन म्हणजे सायन्स ऑफिसर, कारण स्पॉक. पण स्पॉक एकाच वेळी सायन्स ऑफिसर आणि फर्स्ट ऑफिसर दोन्ही होता, आणि तो अर्धा माणूस आहे. टुवॉक पूर्ण व्हल्कन आणि तो सिक्युरिटी आणि टॅक्टिकल बघतो, शिवाय व्हॉयेजरचा सेकंड ऑफिसर. क्लिंगॉन म्हणजे लढवय्या असं धरलं तर बेलाना टॉरेस अर्धी क्लिंगॉन आणि चीफ इंजिनिअर. फेरेंगी म्हणजे व्यापारी, तर नॉग हा स्टारफ्लीटमध्ये गेलेला पहिला फेरेंगी. ट्रॉयसुद्धा अर्धीच बेटाझॉइड आहे, तिला समोरच्याच्या भावना कळतात, पूर्ण बेटाझॉइड विचार वाचतात, तिची आई वाचते तसे. "बेटाझॉइड कौन्सेलर कोण" असं लिहून चालतं पण कुणी "अर्धी" म्हणून आक्षेप घेतला तर तो आक्षेप खरा आहे, म्हणून आधीच "आई बेटाझॉइड, वडील माणूस" असं घाल. आणि गायनन, एल-ऑरियन, टेन फॉरवर्डचा बार चालवते, तिला रँकच नाही तरी पिकार्ड तिचं जितकं ऐकतो तितकं कुणाचंच नाही. रँक नसलेल्या माणसांवर एक प्रश्न जरूर ठेव.

"कॅप्टन" शब्द मात्र जपून वापर. ती रँक आहे आणि जहाज ज्याच्या ताब्यात त्याला हाक मारायची रीतही आहे, मग त्याची रँक लेफ्टनंट असली तरी. आणि उलटंही होतं, मूळ क्रूच्या शेवटच्या सिनेमात, १९९१ चा, कर्क, स्पॉक, स्कॉटी तिघंही रँकने कॅप्टन आहेत पण एंटरप्राईझ कर्कच्या ताब्यात, आणि सुलू कॅप्टन आहे तो दुसऱ्याच जहाजावर, एक्सेल्सियरवर. "या सिनेमात एंटरप्राईझवर कॅप्टन रँकचे कोण कोण" हा तीन नावांचा प्रश्न, "एंटरप्राईझचा कॅप्टन कोण" हा एका नावाचा.

एक शेवटचा प्रश्न तुला तयार देतो, 'डिझास्टर'मधलाच. लिफ्टमध्ये पिकार्डबरोबर जी तीन मुलं अडकलेली असतात ती घाबरून रडत असतात, आणि मुलांशी कसं बोलायचं हे पिकार्डला जमत नाही. तो मग त्यांना क्रू करून टाकतो. मोठ्या मुलीला फर्स्ट ऑफिसर, एकाला सायन्स ऑफिसर, आणि सगळ्यात लहान पॅटरसन, ज्याने सायन्स प्रोजेक्टसाठी मुळे लावलेले असतात, त्याला मुळ्यांचा एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. मग मुलं रडायची थांबतात आणि त्याच्याबरोबर लिफ्टच्या बोगद्यातून वर चढतात. प्रश्न असा टाक: "एंटरप्राईझ-डी वर मुळ्यांचा चार्ज कुणाकडे होता?" ज्याने एपिसोड मन लावून बघितलाय तो लगेच हात वर करेल.